पंधरा हजारांवर उभी असलेली एकतीस घरं : प्रकल्प नोंदी, सत्तरी

६ जानेवारी २०२५, वाळपई

डिसेंबरातली चाचणी फेरी संपली. बचत गटांच्या आमच्या संघाला बायकांसाठी आजारपण निधी उभारायचा आहे, त्यासाठी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या पाच गावांत २२७ घरं फिरून झाली. फॉर्म मोबाइलवर होता आणि कळीचे प्रश्न दोनच: घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण वर्षांतलं वय, आणि घराचं महिन्याचं उत्पन्न. वयावरून निधीतून होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधायचा. उत्पन्नावरून कोणाला निम्म्या वर्गणीची सवलत द्यायची ते ठरवायचं. कार्यकारिणीने सवलतीची मर्यादा तोंडी ठरवून ठेवली आहे: महिना १५,००० पर्यंत.

आज दुपारी वयांचा आलेख काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. वस्तीचा आलेख उतरणीसारखा दिसायला हवा. हा दिसत होता अर्धे दात मोडलेल्या फणीसारखा. ३९ वर्षांची माणसं ३, चाळीसची ३४, एक्केचाळीसची २. पंचेचाळीस, पन्नास, पस्तीस, तीस, सगळीकडे सुळके आणि मधे खड्डे. तालुक्यातली माणसं पाच-पाच वर्षांच्या टप्प्याने जन्मलेली नाहीत, म्हणजे हे सुळके आमच्या विचारण्यातून आणि त्यांच्या सांगण्यातून आले आहेत.

याला हीपिंग म्हणतात, आम्ही बोलताना ढीग म्हणतो. तो मोजायची जुनी रीत व्हिपल निर्देशांकाची. २३ ते ६२ या वयांची माणसं घ्यायची, त्यातली शून्य किंवा पाचावर संपणाऱ्या वयांची मोजायची, त्यांना ५०० ने गुणून एकूण संख्येने भागायचं. २३ पासूनच का, हे मला पूर्वी कळत नसे. २३ ते २७ चा मध्य २५, २८ ते ३२ चा मध्य ३०, असे आठ गट पडतात आणि प्रत्येक गोल वयाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षं येतात. गोल वयांकडे ओढ नसेल तर पाचातला एक माणूस गोल वयाचा निघतो आणि निर्देशांक १०० येतो. सगळ्यांनीच गोल वय सांगितलं तर ५००. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बाहेर ठेवतात, कारण त्यांच्या वयातल्या चुका वेगळ्या जातीच्या असतात.

```
whipple <- function(a) {
  b <- a[a >= 23 & a <= 62]
  500 * sum(b %% 5 == 0) / length(b)
}
```

आमच्याकडे २३ ते ६२ मधली माणसं ४८०, त्यातली गोल वयाची १६३. निर्देशांक १६९.८. संयुक्त राष्ट्रांच्या ठोकताळ्यात १०५ च्या खाली असेल तर माहिती अतिशय अचूक, ११० पर्यंत बरीच अचूक, १२५ ते १७५ म्हणजे ढोबळ आणि त्यापुढे फारच ढोबळ. आम्ही ढोबळच्या वरच्या टोकाला आहोत.

एक गोष्ट लगेच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे स्वतःलाच फसवीन. ४८० माणसांत ओढ अजिबात नसली तरी पाचव्या हिश्श्याच्या, म्हणजे ९६ च्या जागी कधी ८७, कधी १०५ माणसं नुसत्या योगायोगाने येऊ शकतात. म्हणजे एवढ्या नमुन्यात निर्देशांक अठरा-वीस अंकांनी इकडेतिकडे हलला तर त्यातून काही सिद्ध होत नाही. १६९.८ मात्र योगायोगाच्या फार पलीकडे आहे.

८ जानेवारी

चार सर्वेक्षक होत्या, प्रत्येकीकडे नेमकी १२० माणसं आली होती (२३ ते ६२ मधली). वेगवेगळं मोजलं. तिघींचे निर्देशांक १५०, १५८ आणि १४२. चौथीचा २२९.

पहिला विचार मनात आला तो चुकीचा होता, म्हणून नोंदवतो. मला वाटलं, तिने घाई केली असेल. संध्याकाळी तिला फोन केला. ती म्हणाली, “दादा, माझी गावं आतली. मी दुपारची जायची तेव्हा घरात सासू नाहीतर आजी. बाकीचे काजूच्या बागेत नाहीतर कामाला. सगळ्यांची वयं त्या एकटीनेच सांगितली.”

सुनेचं, जावयाचं, मोठ्या दिराचं वय म्हातारी कशी सांगणार? “जाली आसतली चाळीस.” आणि आमची ताई फॉर्ममध्ये ४० भरणार, कारण फॉर्मला आकडा हवा असतो. ‘असेल चाळीस’ आणि ‘चाळीस आहे’ यातला फरक फॉर्मच्या चौकटीत मावत नाही. तिने तो मुद्दाम टाकला नव्हता, आम्ही तिला तो ठेवायला जागाच दिली नव्हती.

बाकी तिघींच्या नोंदींत मी एकेक घर तपासलं. जिथे माणूस स्वतः बोलला तिथे ढीग कमी, जिथे दुसऱ्याने सांगितलं तिथे जास्त. पण ते मला आठवणीने आणि फोन करून शोधावं लागलं. पुढच्या फॉर्ममध्ये प्रत्येक वयापुढे दोन रकाने हवेत: कोणी सांगितलं, आणि कशावरून.

फोन ठेवता ठेवता तिने आणखी एक गोष्ट सांगितली. कोणी “एक्केचाळिसावं लागलं” असं म्हटलं की दोन सर्वेक्षक ४१ लिहितात आणि दोन ४०. पूर्ण वर्षं ४० च. ढीग नसलेल्या वयांतही एका वर्षाची घसरण आहे आणि ती व्हिपलला दिसत नाही.

११ जानेवारी

आज बैठकीत एका ज्येष्ठ सभासद बाईंनी रास्त प्रश्न विचारला. “लोकांना नेमकं वय ठाऊकच नाही तर विचारता कशाला? तीस ते पस्तीस, पस्तीस ते चाळीस असे गट करा, बोट ठेवायला सांगा, मोकळे व्हा.”

वरवर पटतं. पण गट केले म्हणून ढीग जात नाही, तो गटाच्या आत लपतो. नेहमीचे गट घ्या: २५ ते २९, ३० ते ३४, ३५ ते ३९. यात प्रत्येक गोल वय गटाच्या खालच्या काठावर बसलं आहे. खरं वय २८ किंवा २९ असलेल्या बाईने “तीस” म्हटलं की ती वरच्या गटात गेली. खरं ३१ किंवा ३२ असलेलीने “तीस” म्हटलं तर ती होती त्याच गटात राहिली. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी वाटली जात नाही, माणसं एकाच दिशेने, वरच्या गटात सरकतात. आणि सुळके दिसेनासे झाल्यामुळे हे घडलंय हेसुद्धा कळत नाही.

नेमका आकडा घेतला तर तो चुकीचा असला तरी चूक उघडी राहते. मोजता येते, कोणत्या गावात आणि कोणाच्या तोंडून आली ते शोधता येतं, पुढे २८ ते ३२ असे गट पाडून ढीग मधोमध घेता येतो. गट आधीच पाडून विचारलं की परतीची वाट बंद. मी हे फळ्यावर काढून दाखवलं. बाईंनी मान्य केलं, पण बजावलं, “मग विचारायची पद्धत बदला. तीच बाई, तोच प्रश्न, तेच उत्तर.”

त्यांचं बरोबर आहे. वय विचारायचं नाही. जन्मतारीख विचारायची, आणि कागद बघायला मागायचा.

२१ जानेवारी

दुसरी फेरी संपली. याच पट्ट्यातली शेजारची गावं, पद्धत नवी. आधी जन्मदाखला, तो नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला, तोही नसेल तर आधार कार्ड, आणि काहीच नसेल तर घटनांची यादी. भेटीची वेळ संध्याकाळची, सगळे घरी असताना.

२३ ते ६२ मधली माणसं ४६५, गोल वयाची १०१. निर्देशांक १०८.६. कार्यालयात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. रात्री जेवणानंतर जन्मतारखांची यादी नुसती वर-खाली करत होतो आणि तो आनंद ओसरला.

१ जानेवारी. १ जानेवारी. १ जानेवारी.

४६५ पैकी ५८ जण १ जानेवारीला जन्मलेले. वर्षाचे दिवस ३६५ धरले तर एक किंवा दोन असायला हवेत. त्याशिवाय १ जूनचे २३. ते १ जूनचं प्रकरण आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन कोणीतरी जायचं, गुरुजी वर्ष धरून १ जून लिहायचे. निदान तिथे वर्ष तरी पोर लहान असताना धरलेलं आहे, त्यात मोठी चूक होत नाही. सहा वर्षांचं पोर पाचाचं नाहीतर सातचं लिहिलं जाईल, दहाचं नाही.

१ जानेवारीचं तसं नाही. आधार नोंदणीच्या वेळी जन्मतारीख माहीत नसेल तर माणूस वय सांगायचा, त्यावरून जन्मवर्ष काढलं जायचं आणि दिवस-महिना १ जानेवारी पडायचा. म्हणजे त्या कार्डावरची तारीख ही तारीख नाहीच, नोंदणीच्या दिवशी तोंडी सांगितलेलं वय आहे, तारखेच्या वेषात.

आमच्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे इथली बरीच नोंदणी २०१२ च्या सुमारास झाली. तेव्हा “चाळीस” म्हणालेल्या बाईचं जन्मवर्ष १९७२ पडलं, आज तिचं वय ५३ येतं. तेव्हा “पंचेचाळीस” म्हणालेली आज ५८. ढीग नाहीसा झालेला नाही, तेरा वर्षं पुढे सरकून ३ आणि ८ वर संपणाऱ्या वयांवर जाऊन बसला आहे. आणि व्हिपल फक्त ० आणि ५ बघतो. ५८ पैकी ३ किंवा ८ वर संपणारी वयं मोजली तर २७ भरली. पाचातला एक या हिशेबाने बाराच्या आसपास यायला हवीत.

त्यामुळे १०८.६ हा आकडा अहवालात एकटा टाकायचा नाही. दहाही शेवटच्या अंकांची मोजणी आणि १ जानेवारीवाल्यांची संख्या त्याच्या शेजारी असलीच पाहिजे.

२४ जानेवारी

फोड करून पाहिली. ज्यांचा जन्म गोव्यातला, त्यांच्याकडे बहुतेक घरांत जन्मदाखला निघतो. पोर्तुगीज काळापासून इथे जन्माची नागरी नोंदणी होत आली आहे आणि लग्नापासून जमिनीच्या वाटणीपर्यंत दाखल्याशिवाय कोणाचं चालत नाही. म्हणून तो ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत, जपून ठेवलेला असतो. १ जानेवारीवाल्यांत मोठा वाटा लग्न होऊन बाहेरून आलेल्या बायकांचा आणि कामासाठी आलेल्या कुटुंबांचा आहे. घाटापलीकडचं नाहीतर दोडामार्गाकडचं माहेर, घरी झालेलं बाळंतपण, नोंद नाही. निधी मुख्यतः ज्या बायकांसाठी काढतोय, त्यांच्याच वयाची माहिती सगळ्यात कच्ची आहे.

त्यांच्यासाठी घटनांची यादी. आम्ही ही गोव्याची बनवली आहे, लोक ज्याच्या आधाराने बोलतात तीच: गोवामुक्ती, १९ डिसेंबर १९६१. जनमत कौल, जानेवारी १९६७. भाऊसाहेब बांदोडकरांचं निधन, ऑगस्ट १९७३. मांडवीवरचा पूल कोसळला तो जुलै १९८६. घटकराज्य, ३० मे १९८७. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ते १९९८. खाणी पहिल्यांदा बंद पडल्या ते २०१२.

काल एका आजींकडे मी स्वतः गेलो होतो. सर्वेक्षक ताईने विचारलं, “आजी, वय किती तुमचं?”

“पंचाहत्तर झाली गं बाय.”

आधार कार्डावर ०१/०१/१९५२, म्हणजे ७३. मग यादी काढली. “मुक्तीच्या वेळी तुम्ही केवढ्या होता?”

“लहानच. मिलिटरी आली म्हणून आम्ही पोरं रस्त्यावर बघायला धावलो. माझे पुढचे दोन दात पडले होते, काका चिडवायचा, ते आठवतं.”

पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात. डिसेंबर १९६१ मध्ये सहा-सात, म्हणजे जन्म १९५४-५५. एका खुणेवर थांबायचं नाही, म्हणून दुसरी विचारली. बांदोडकर गेले तेव्हा?

“तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. अठरा सरली होती मला.”

१९७३ मधून अठरा वजा केले की पुन्हा १९५४-५५. दोन स्वतंत्र खुणा एकाच ठिकाणी आल्या: वय सत्तरच्या आसपास. सांगितलेलं पंचाहत्तर, कार्डावर त्र्याहत्तर, यादीवरून सत्तर. २०१२ च्या नोंदणीत आजी ‘साठ’ म्हणाल्या असाव्यात. साठ हा नुसता गोल आकडा नाही, ज्येष्ठांसाठीच्या योजना त्याच वयापासून सुरू होतात, त्यामुळे त्याकडे दुहेरी ओढ असते. मी कार्डातलं काही बदलायला सांगितलं नाही, तो आमचा अधिकार नाही. आमच्या फॉर्ममध्ये मात्र तिन्ही वयं वेगवेगळ्या रकान्यांत ठेवली आणि हिशेबासाठी यादीचं वापरायचं ठरवलं.

अशा प्रत्येक भेटीला सात-आठ मिनिटं जास्त लागतात. ५८ माणसांसाठी ती देता येतील.

३ फेब्रुवारी

आता उत्पन्न. वयाच्या कामात गुंतून हे मागे पडलं होतं, आणि खरं तर जास्त माणसांचं नुकसान इथेच होणार होतं.

डिसेंबरात २२७ पैकी २१० घरांनी आकडा सांगितला, १७ घरांनी नाही. २१० आकडे ओळीने लावले. १०,०००, १५,०००, २०,०००, २५,००० हे सुळके अपेक्षितच होते. मधे छोटे सुळके साडेसात हजार आणि साडेबारा हजारांवर. हे आपल्या भाषेचं देणं: ‘साडे’, ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द तोंडात तयार असतात, म्हणून ७,५०० आणि १२,५०० आपल्याला गोल वाटतात. आणखी एक सुळका १५,६०० वर होता, पाच घरांचा. तो मला आधी चूक वाटला. ती सगळी रोजंदारीची घरं निघाली: ६०० रुपये रोज, महिन्याचे २६ दिवस. तो ढीग गोलाईचा नाही, गुणाकाराचा आहे. (सव्वीस दिवस खरोखर काम मिळतं का, हा वेगळा प्रश्न. पावसात मिळत नाही.)

मग सवलतीची मर्यादा आलेखावर ठेवली आणि पोटात गोळा आला.

१५,००० पेक्षा कमी सांगणारी घरं ९६. बरोबर १५,००० सांगणारी ३१. जास्त सांगणारी ८३. ‘१५,००० पर्यंत’ असं लिहिलं तर १२७ घरं सवलतीत बसतात, शंभरातली साठ. ‘१५,००० पेक्षा कमी’ असं लिहिलं तर ९६, शंभरातली सेहेचाळीस. एका शब्दाने एकतीस घरं आत किंवा बाहेर. आणि डिसेंबरच्या छापील कार्डावर तर आम्ही ‘१०,००० ते १५,०००’ आणि ‘१५,००० ते २०,०००’ असे गट लिहिले होते, पंधरा हजारवाल्याने कुठे बोट ठेवायचं हे सर्वेक्षकावर सोडून.

कार्यकारिणीने पंधरा हजार का निवडले? गोल आकडा म्हणून. लोकांनी पंधरा हजार का सांगितले? गोल आकडा म्हणून. जिथे सगळ्यात जास्त माणसं अंदाजाने उभी आहेत, नेमकी तिथेच आम्ही रेघ मारली.

७ फेब्रुवारी

त्या ३१ घरांचं खरं उत्पन्न काय, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वेळ कमी, म्हणून पहिल्या फेरीतली ४० घरं चिठ्ठी टाकून निवडली. त्यात पंधरा हजारवाली ९ आली. या वेळी एकूण आकडा आधी विचारला, मग घटकांनी: रोजाचा दर आणि गेल्या महिन्यात भरलेले दिवस, पगार, काजूचा गेल्या मोसमातला विकलेला माल आणि मिळालेला दर, सुपारी, दूध, बाहेरून येणारे पैसे, सरकारी योजनांचे पैसे. मोसमी कमाई बाराने भागायची.

एक घर पूर्ण लिहून ठेवतो. नवरा गवंडीकामाला. एकूण उत्पन्न विचारलं, म्हणाला, “धरा पंधरा हजार.” घटक विचारले: रोज ७०० रुपये, गेल्या महिन्यात २२ दिवस, १५,४००. बायकोने गेल्या मोसमात ३०० किलो काजू बी विकली, दर १२० मिळाला, ३६,००० म्हणजे महिन्याला ३,०००. बायकोला मिळणारे सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५००. बेरीज १९,९००.

तो खोटं बोलला नव्हता. ‘उत्पन्न’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यापुढे त्याची स्वतःची मजुरी आली, तीही ४०० रुपये खाली गोल केलेली. बायकोची काजूची कमाई त्याच्या मते घरखर्चात गेली, ती कमाई नव्हे. गृह आधार तिच्या खात्यात येतो. म्हणजे पंधरा हजारांच्या ढिगात गोलाईचे फक्त ४०० रुपये आहेत, उरलेले ४,५०० न धरलेले. गटांच्या कार्डाने हे कधीच दिसलं नसतं, तो १५,००० च्याच गटावर बोट ठेवून मोकळा झाला असता.

नऊ घरांचा घटकांनी आलेला आकडा ११,९०० पासून २२,३०० पर्यंत पसरला. तीन घरं पंधराच्या खाली, सहा वर. नेमकी १५,००० कोणीच नाही.

हा प्रश्न बायकांना वेगळा विचारला तेव्हा फरक पडला, हेही नोंदवलं पाहिजे. काजूचे किलो नवऱ्यांना क्वचित ठाऊक होते.

१० फेब्रुवारी

दोन प्रकारचे ढीग ओळखायची खूण आज सर्वेक्षकांना समजावली. गोलाईचा ढीग दोन्हीकडून माणसं ओढतो: १५,००० च्या खाली १४,००० ते १४,९९९ मध्ये ३ घरं होती, वर १५,००१ ते १५,५९९ मध्ये एकही नाही. दोन्ही बाजूंना खड्डा. मर्यादेचा ढीग एकाच बाजूने ओढतो: मर्यादेच्या अगदी खाली गर्दी आणि वर रिकामी जागा. आमच्या आलेखात २५,००० जवळ मला दुसऱ्या प्रकाराची शंका येते. गृह आधारची मर्यादा वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. २४,००० ते २५,००० मध्ये घरं दिसतात, २५,००१ ते २८,००० मध्ये दोनच. २१० घरांवरून यापेक्षा जास्त म्हणणार नाही. पण आमच्या निधीची मर्यादा गावात आधी कळली तर हेच तिथे होईल, हे नक्की. सर्वेक्षण संपेपर्यंत मर्यादेचा आकडा संघाबाहेर बोलायचा नाही, असं ठरलं. कोणी विचारलं तर खरं तेच सांगायचं: मर्यादा अजून पक्की झालेली नाही.

१४ फेब्रुवारी

गटांना मी पूर्ण नकार देत नाही. १७ घरांनी डिसेंबरात आकडा सांगितला नव्हता, त्यात दुकानवाले, एक-दोन होमस्टेवाले, एक निवृत्त शिक्षक. ताई कार्ड घेऊन त्यांच्याकडे पुन्हा गेल्या आणि १२ जणांनी बोट ठेवलं. आकडा तोंडाने म्हणायला अवघड जातो, बोट ठेवायला नाही. काहीच न मिळण्यापेक्षा गट बरा. पण गटाच्या रेघा कुठे मारायच्या हे आपल्या हातात आहे.

रीत सोपी. मिळालेल्या आकड्यांत जिथे कोणीच बोलत नाही अशी जागा शोधायची आणि रेघ तिथे मारायची. आधी मी ढीग मधोमध घ्यायचा म्हणून १२,५०१ ते १७,५०० असा गट काढला होता. पण साडेबारा हजारांवर स्वतःचा छोटा ढीग आहे, ६ घरं, म्हणजे रेघ पुन्हा ढिगावरच. १३,५०० आणि १८,५०० कोणीच म्हणालं नव्हतं. म्हणून नवं कार्ड असं: ८,५०० पर्यंत, ८,५०१ ते १३,५००, १३,५०१ ते १८,५००, १८,५०१ ते २३,५००, २३,५०१ ते ३३,५००, त्याहून जास्त. १०,००० आणि साडेबारा एका गटात, १५,००० आणि १५,६०० एका गटात, २०,००० आपल्या गटात. “वीसेक हजार” म्हणणारा अठरा-एकोणीसचा असो की एकवीस-बावीसचा, त्याच गटात राहतो. दोन्ही कडांना समास आहे.

सरासरी काढताना गटाचा मध्य धरायचा मोह होतो. पूर्वीच्या १५,००० ते २०,००० गटाचा मध्य १७,५००, आणि त्यातली बहुतेक घरं होती खालच्या काठावर, पंधरा हजारांना. प्रत्येक घरामागे दोन-अडीच हजार फुकटचे वाढले असते. नव्या गटाचा मध्य १६,००० आहे, ढिगाच्या जवळ. तरीही मी मध्य वापरणार नाही. घटकांनी आलेल्या घरांची त्या गटातली खरी सरासरी काढून तीच लावीन.

१ मार्च

कार्यकारिणीची बैठक झाली. मी ९६, ३१, ८३ हे तीन आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत नेले होते आणि त्या एका घराचा हिशेब, ओळखीच्या खुणा काढून.

चर्चा तासभर चालली. एक भाऊ म्हणाले, घटकांनी विचारलं तर गरिबांचं उत्पन्न जास्त दिसेल आणि सवलत जाईल. हा आक्षेप मला मनापासून लागला, कारण खरा आहे. चाळीस घरांत घटकांनी आकडा वाढला तो बहुतेकांचा. मोजण्याची पद्धत बदलली की जुनी मर्यादा जुन्या अर्थाची राहत नाही. १५,००० ‘तोंडी’ आणि १५,००० ‘घटकांनी’ या दोन वेगळ्या रेघा आहेत. म्हणून पद्धत आणि मर्यादा एकत्र बदलायला हव्यात, एकटी पद्धत बदलणं अन्याय होईल.

शेवटी ठरलं ते असं. वय जन्मतारखेने, कागदाचा प्रकार लिहून, १ जानेवारीवाल्यांना घटनांची यादी. उत्पन्न घटकांनी, शक्यतो घरातल्या बाईच्या समोर. जे सांगणार नाहीत त्यांच्यासाठीच कार्ड. सवलतीची मर्यादा आकडा बघून आज ठरवायची नाही. सर्व घरं झाली की घटकांनी आलेल्या उत्पन्नाच्या रांगेत, निधीला जेवढी घरं झेपतील तिथे, जवळची मोकळी जागा पाहून रेघ मारायची. आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना हजार रुपयांत येणारी घरं नुसत्या आकड्यावर आत-बाहेर करायची नाहीत, त्यांच्याकडे दोघींनी पुन्हा जायचं.

घटकांच्या प्रश्नांना घरामागे अकरा मिनिटं जास्त लागतात. त्यामुळे मार्चअखेर संपणारं काम मेच्या मध्यावर जाईल, म्हणजे मधे काजूचा ऐन मोसम येणार. बायका बागेत असणार. ज्या ताईचा निर्देशांक २२९ होता तिनेच सुचवलं की त्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर जाऊ, आणि किलोंचा प्रश्न बी विकून आलेल्या दिवशीच विचारू, चिठ्ठी हातात असते. तिच्या गावांपासून सोमवारी सुरुवात.